मुंबई हायचं तेल मुळात कुठलं?

मुंबईच्या किनाऱ्यापासून समुद्रात साधारण 160 किलोमीटर आत, जेमतेम 75 मीटर खोल पाण्याखाली मुंबई हाय आहे. 1974 च्या फेब्रुवारीत ‘सागर सम्राट’ रिगला तिथे तेल लागलं आणि 1976 मध्ये उत्पादन सुरू झालं. एवढं आपल्याला शाळेपासून ठाऊक असतं. पण ते तेल जिथून आपण उपसतो, तिथे ते तयार झालेलंच नाही, हे सहसा कोणी सांगत नाही. ते दुसरीकडे, कितीतरी खोल शिजलं, आणि काळ्याकुट्ट चिखलाच्या खडकातून सुटून, मैलोन् मैल वाट काढत या चुनखडकात येऊन थांबलं. थांबलं म्हणून ते आपल्या हाती आलं. वाटेत थांबायला जागाच न मिळालेलं तेल कितीतरी जास्त असतं, आणि ते कोणाच्याच हाती लागत नाही.

पेट्रोलियम इंजिनिअरिंगचा अभ्यास विहिरीपासून सुरू होतो: दाब, प्रवाह, पंप, पाइप. तेलाचा विहिरीआधीचा इतिहास भूशास्त्रवाल्यांच्या खात्यात ढकलून दिला जातो. मुंबई हाय नीट समजून घ्यायचं तर ही वाटणी सोयीची नाही, कारण विहिरीत पुढे ज्या अडचणी येतात त्यांची मुळं या इतिहासातच असतात.

सुरुवात दख्खनच्या लाव्ह्यापासून करू. सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी सह्याद्री घडवणारा तो लाव्हा आजच्या समुद्रतळाखालीही पसरलेला आहे. त्यानंतर भारताचा पश्चिम काठ ताणला गेला, जमिनीला मोठमोठे तडे पडले, काही पट्टे खाली खचले आणि काही उंचच राहिले. मुंबई हाय हा असाच उंच राहिलेला पट्टा. त्याच्या भोवतीच्या खचलेल्या खोलगट भागांत पॅलिओसीन आणि सुरुवातीच्या इओसीन काळात, म्हणजे ढोबळमानाने 6 ते 5 कोटी वर्षांपूर्वी, दलदली होत्या, खाजणं होती, उथळ खाड्या होत्या. तिथे पाला, लाकूड, राळ, शेवाळ, सूक्ष्मजीव आणि चिखल एकत्र साचत गेलं. त्या थरांना पन्ना फॉर्मेशन म्हणतात. त्यात शेल आहे, कोळसा आहे, आणि तेलाचा कच्चा माल आहे.

तेल डायनासोरपासून बनतं ही समजूत अजून टिकून आहे. डायनासोरचा इथे काही संबंध नाही. लागतं ते असंख्य बारीक जीवांचं आणि वनस्पतींचं अवशेष-द्रव्य, तेही ऑक्सिजन न पोचणाऱ्या चिखलात गाडलं गेलेलं, कारण हवा लागली की ते कुजून संपतं. गाडलं गेल्यावर जिवाणू त्यातलं खाण्याजोगं खातात, आणि उरतं ते केरोजेन: कोणत्याही साध्या द्रावकात न विरघळणारा, काळपट, घन पदार्थ. खडकात कार्बनी द्रव्याचं प्रमाण वजनाने एक टक्क्याच्या आसपास असलं तरी तो कामाचा मूळ खडक, म्हणजे सोर्स रॉक, ठरू शकतो. उरलेला नव्याण्णव टक्के भाग माती आणि खनिजंच असतो.

केरोजेनचं तेल होतं ते उष्णतेने. समुद्रतळाशी तापमान 25 अंश सेल्सिअस धरलं आणि दर किलोमीटरला ते 35 अंशांनी वाढतं असं मानलं, तर दोन किलोमीटर खोलीवर 95 अंश होतात आणि तीनवर 130. साधारण 60 अंशांपासून केरोजेनचे मोठे रेणू तुटायला लागतात, 90 ते 120 च्या पट्ट्यात तेल भरभरून सुटतं, आणि 150 च्या पुढे सुटलेलं तेलच मोडून गॅस होऊ लागतो. हे आकडे केरोजेनच्या जातीप्रमाणे आणि वेळेप्रमाणे पुढेमागे होतात. शिजण्याचा वेग दर दहा अंशांना जवळपास दुप्पट होतो, असा हिशेब रशियन भूशास्त्रज्ञ लोपातिनने 1971 मध्ये मांडला. त्या हिशेबाने 90 अंशांवर दोन कोटी वर्षं लागणारं काम 100 अंशांवर एक कोटी वर्षांत उरकतं. आजच्या गणितांत यापेक्षा बारीक सूत्रं वापरतात, पण पहिला अंदाज बांधायला हा हिशेब अजूनही पुरतो.

मुंबई हायच्या माथ्यावर मुख्य साठा समुद्रपातळीखाली साधारण 1,300 ते 1,400 मीटरवर आहे. पन्नाचे थर तिथे एक तर नाहीत किंवा फार पातळ आहेत, कारण ते साचत होते तेव्हा हा भाग उंचवटा होता. भोवतीच्या खोलगट भागांत, मुरुड, सुरत आणि सौराष्ट्राच्या बाजूला, तेच थर जाड आहेत आणि पुरेसे खोल गेलेले आहेत. तेलवाले अशा जागेला ‘किचन’ म्हणतात. चूल तिथे पेटली, माथ्यावर नाही.

हे केवळ नकाशावरून ठरत नाही. खडकाचा अक्षरशः चिमूटभर चुरा ‘रॉक-इव्हॅल’ नावाच्या यंत्रात घालतात. आधी 300 अंशांपर्यंत तापवला की खडकात आधीपासून मोकळं असलेलं तेल वाफ होऊन निघतं. तापमान आणखी वाढवत नेलं की केरोजेन स्वतः तुटतो आणि दुसरी, सहसा मोठी, लाट येते. ही दुसरी लाट कोणत्या तापमानाला शिखर गाठते ते पाहायचं. ते 435 अंशांच्या खाली असेल तर खडक अजून कच्चा आहे. 435 ते 460 च्या दरम्यान तो तेल देण्याच्या टप्प्यात आहे, आणि त्यापुढे तेलाचे दिवस सरले. यंत्रातले अंश जमिनीतल्या अंशांपेक्षा इतके जास्त का, हा प्रश्न दर वर्षी कोणी तरी विचारतंच. निसर्गाकडे लाखो वर्षं होती आणि यंत्राकडे वीस-पंचवीस मिनिटं असतात, म्हणून आच वाढवावी लागते.

मुंबई हायचं तेल स्वतःही आपल्या कुळाबद्दल बोलतं. ते हलकं आहे, 39 अंश एपीआयच्या आसपासचं, त्यात गंधक कमी आहे आणि मेण भरपूर. मेण इतकं की आपल्याला ऊबदार वाटणाऱ्या हवेतही ते गोठू पाहतं, आणि पाइपलाइनवाल्यांना त्याची काळजी घ्यावी लागते. जमिनीवरच्या वनस्पतींच्या पानांवरचं मेण ज्या केरोजेनमध्ये शिरलेलं असतं, त्या केरोजेनचं तेल सहसा असं असतं. निव्वळ समुद्री शेवाळाचं तेल बहुतेक वेळा गंधकाने जड आणि मेणाने हलकं निघतं. म्हणजे पन्नाच्या दलदलीतला पालापाचोळा आज पाइपलाइनच्या भिंतीवर साचतो.

आता प्रवासाकडे येऊ. मला या विषयात सगळ्यात जास्त रस याच टप्प्यात वाटतो, आणि पाठ्यपुस्तकं नेमकी तोच दोन परिच्छेदांत उरकतात.

शेल हा अतिशय घट्ट खडक. त्यातून तेल बाहेर पडतंच कसं? घन केरोजेनचं द्रव आणि वायू होताना आकारमान वाढतं, पण जायला जागा नसते, म्हणून छिद्रांतला दाब चढत जातो. तो एवढा चढतो की शेलला केसाएवढ्या बारीक चिरा पडतात, थोडं तेल सुटतं, दाब उतरतो, चिरा मिटतात, आणि पुन्हा तेच चक्र सुरू होतं. खडकातलं केरोजेन फार थोडं असेल तर तेल या चिरांपर्यंत पोचतच नाही, छिद्रांतच अडकून राहतं. कागदावर उत्तम दिसणारा कितीतरी मूळ खडक प्रत्यक्षात काहीच देत नाही, त्याचं हे एक कारण.

शेलमधून सुटलेलं तेल शेजारच्या मोकळ्या खडकात येतं. तो वालुकाश्म असेल, छिद्रांचा चुनखडक असेल, किंवा एखाद्या मोठ्या तड्याची भेग असेल. तिथे छिद्रं खाऱ्या पाण्याने भरलेली असतात. तेल पाण्यापेक्षा हलकं, म्हणून ते वर जायला बघतं. त्याला अडवतं ते केशाकर्षण. दोन मोठ्या छिद्रांमधला गळा अरुंद असतो, आणि पाण्याने ओला झालेला तो गळा तेलाला सहज आत घेत नाही. आत शिरायला लागणारा दाब असा:

P = 2γ cosθ / r

इथे γ म्हणजे तेल आणि पाणी यांच्यातला पृष्ठताण, r म्हणजे गळ्याची त्रिज्या, आणि θ म्हणजे स्पर्शकोन. खडक पाण्याने पूर्ण ओला असेल तर cosθ एक धरायचा.

आकडे घालून पाहिल्यावर यातली गंमत कळते. पृष्ठताण 0.025 न्यूटन प्रति मीटर धरू. तेल वाहून नेणाऱ्या खडकाचा गळा 5 मायक्रॉन असेल तर लागणारा दाब येतो 10 किलोपास्कल. पाणी आणि जमिनीतलं तेल यांच्या घनतेत घन सेंटीमीटरला पाव ग्रॅमचा फरक असेल, तर तेलाच्या एक मीटर उभ्या स्तंभातून वर ढकलणारा दाब मिळतो सुमारे 2.5 किलोपास्कल. म्हणजे तेलाच्या कणांनी जमून चारेक मीटर उंचीचा सलग धागा तयार केला की तो धागा वर सरकू लागतो. सुटे थेंब एकेका छिद्रात पडून राहतात.

आता याच धाग्याची गाठ वरच्या शेलशी पडू द्या. त्याचा गळा 0.05 मायक्रॉन, म्हणजे शंभरपट अरुंद. लागणारा दाब शंभरपट, 1 मेगापास्कल, आणि तो भरून काढायला तेलाचा 400 मीटर उंच स्तंभ लागतो. सापळ्याला तेवढी उंचीच नसेल तर तेल शेल ओलांडूच शकत नाही. कॅप रॉकवर काही जादूचं झाकण बसलेलं नसतं. तोही छिद्रांचाच खडक असतो, फक्त त्याचा गळा तेलाला परवडत नाही. म्हणून प्रत्येक कॅप रॉकला मर्यादा असते, आणि ती मीटरमध्ये मोजता येते.

हाच शेल गॅसच्या बाबतीत तपासा. गॅस आणि पाणी यांच्यातला पृष्ठताण दुप्पट धरला तर लागणारा दाबही दुप्पट, 2 मेगापास्कल. पण या खोलीवर दाबलेला गॅस पाण्यापेक्षा फारच हलका असतो, आणि एक मीटर स्तंभ सुमारे 9 किलोपास्कल ढकलतो. सव्वादोनशे मीटरच्या पुढे गॅस फुटून निघतो. जो शेल तेलाचे 400 मीटर पेलतो, तोच गॅसचे त्याहून पुष्कळ कमी पेलतो. एखाद्या सापळ्यात तेल आणि त्यावर गॅसची टोपी असेल, तर कॅप रॉकला आधी भिडतो तो गॅस, आणि हिशेब दोन्ही स्तंभ मिळून करावा लागतो. हे गणित विद्यार्थ्याने एकदा स्वतःच्या हाताने करावं. गळ्याची त्रिज्या निम्मी केली की पेलण्याची उंची दुप्पट होते, हे पाहिल्यावर शेलच्या नमुन्यावर पारा दाबून छिद्रं मोजण्याचा खटाटोप का करतात ते समजतं.

वाट म्हणून तेलाला पूर्ण खडक लागत नाही. ते जाड थराच्या माथ्याशी, कॅप रॉकच्या पोटाला चिकटून, पातळ ओघळांनी सरकतं. त्यामुळे दहा-वीस किलोमीटरचा आडवा प्रवासही थोड्या तेलात भागतो. मात्र जिथून जाईल तिथल्या छिद्रांत थोडं थोडं मागे सोडत जातं, आणि वाट लांब असेल तर वाटेतच संपतं.

मुंबई हायकडे येणाऱ्या तेलाला दोन सोयी मिळाल्या. पहिली म्हणजे उंचवट्याच्या काठावरचे मोठे तडे, विशेषतः पूर्वेकडचा. या तड्यांनी खोलगट भागातले पन्नाचे थर आणि वरचे तरुण चुनखडक एकमेकांच्या जवळ आणले. दुसरी म्हणजे स्वतः उंचवटा. भोवतालचे थर सगळ्या बाजूंनी त्याच्याकडे चढत गेलेले, त्यामुळे वर जाऊ पाहणाऱ्या तेलाला दिशा आपोआप मिळाली. 1960 च्या दशकात ‘अकादमिक आर्खांगेल्स्की’ या सोव्हिएत जहाजाने ध्वनिलहरींच्या सर्वेक्षणात जो आकार टिपला, तो हाच: पालथ्या परातीसारखी फुगलेली, फार मोठी रचना.

परात रिकामी असेल की भरलेली, हे मात्र ध्वनिलहरींना तेव्हा सांगता येत नव्हतं. इथे कालक्रमाचा प्रश्न येतो. मुख्य साठ्याचा चुनखडक, ज्याला एल-थ्री म्हणतात, मायोसीनच्या सुरुवातीचा, म्हणजे ढोबळमानाने दोन कोटी वर्षांचा. तो मूळ खडकापेक्षा कितीतरी तरुण आहे. उथळ, स्वच्छ पाण्याच्या समुद्रात तो साचला. मधूनमधून पाणी उतरलं, खडक उघडा पडला, आणि पावसाच्या पाण्याने शिंपल्यांचे अवशेष विरघळवून त्यात पोकळ्या केल्या. या पोकळ्यांमुळेच त्याच्या चांगल्या थरांत आकारमानाचा एक पंचमांश भाग रिकामा आहे. त्यावर शेलचा थर बसला, आणि मध्य मायोसीननंतर तर नद्यांच्या चिखलाचा प्रचंड लोंढा आला. या लोंढ्याने दोन कामं एकदमच केली. माथ्यावर त्याने झाकण जाड केलं, आणि खोलगट भागांत पन्नाला आणखी खाली दाबून आच वाढवली. सापळा आणि झाकण आधी, तेलाचा मोठा ओघ नंतर, असा क्रम जुळला. उलटा झाला असता तर तेल त्याच वाटेने वर येऊन समुद्रात मिसळून गेलं असतं.

क्रम चुकला किंवा सापळा नंतर बिघडला की काय होतं, त्याचं सगळ्यात महागडं उदाहरण अलास्काच्या उत्तर किनाऱ्यापलीकडच्या समुद्रात आहे. मुक्लुक नावाची ती रचना प्रूडो बेसारख्या अवाढव्य क्षेत्राच्या शेजारी होती. आकार मोठा, खडक तोच. कंपन्यांनी नुसत्या हक्कांसाठी शंभर कोटी डॉलरहून जास्त मोजले आणि 1983 मध्ये विहीर खणली. वर आलं खारं पाणी. पण खडकाच्या चुऱ्यावर तेलाचे डाग होते. तेल तिथे येऊन गेलं होतं! झाकण गळलं असावं किंवा रचना कलंडून ते दुसरीकडे ओघळलं असावं, असे अंदाज आहेत.

डाग कसा ओळखतात, हे रिगवर पाहण्यासारखं असतं. ड्रिलिंगचा मड खालून खडकाचा चुरा घेऊन वर येतो आणि शेल शेकर नावाच्या थरथरत्या चाळणीवर पडतो. मड लॉगर तिथून मूठभर चुरा उचलतो, धुतो, आणि काळ्या पेटीत अतिनील दिव्याखाली धरतो. तेल असेल तर कण चमकतात, हलकं तेल निळसर-पांढरं, जड तेल तपकिरीकडे झुकणारं. चुनखडकात मात्र फसगत होते, कारण कॅल्साइट स्वतःच चमकतं, आणि पाइपच्या सांध्याला लावलेलं ग्रीसही. म्हणून कणावर द्रावकाचा एक थेंब टाकतात. खनिजाची चमक जागेवरच राहते, तर तेल असेल तर द्रावकात दुधाळ धूर पसरावा तशी ते ओघळून पसरतं. तरीही एवढ्यावर नाचायचं नसतं. हे तेल छिद्रात जिवंत, वाहणारं आहे की जाता जाता मागे राहिलेला चिकट अंश, हे दिवा सांगत नाही. ते सांगतं विहिरीची चाचणी, आणि त्याआधी खडकाच्या विद्युत रोधाची नोंद.

मुंबई हायला चाचणीने होकार दिला. तेल लागलं, तरी चुनखडकाचा स्वभाव त्यामुळे बदलला नाही. एल-थ्री हा एकसंध दगड नाही. त्यात चुनखडकाच्या थरांमध्ये शेलचे पातळ पट्टे आहेत, आणि पावसाच्या पाण्याने केलेल्या पोकळ्या काही थरांत भरपूर, काहींत नावालाच. खालून पाणी जोराने वर येत नव्हतं, म्हणून दाब टिकवायला 1984 मध्ये समुद्राचं पाणी आत सोडायला सुरुवात झाली. ते पाणी साहजिकच मोकळ्या थरांतून धावत सुटलं आणि उत्पादन विहिरींत लवकर पोचलं. घट्ट थरांतलं तेल मागेच राहिलं. मूळ साठ्यापैकी साधारण तिसरा हिस्साच हाती येईल, असे अंदाज त्यामुळे बांधले गेले. दोन कोटी वर्षांपूर्वी कुठला थर किती काळ उघडा पडला होता, यावर आज कुठल्या विहिरीत पाणी आधी येणार हे ठरतं.

मुंबई हायच्या तळाशी आणखी एक कोडं होतं. एल-थ्रीच्या खूप खाली, ग्रॅनाइट आणि लाव्ह्याच्या भेगांतही तेल मिळालं. ग्रॅनाइट तर वितळलेल्या खडकापासून बनतो, त्यात केरोजेन असण्याचा प्रश्नच नाही. असं काही सापडलं की तेल पृथ्वीच्या पोटातून आपोआप येतं असं म्हणणारे पुढे सरसावतात. उत्तर पुन्हा उंचवट्यातच आहे. ग्रॅनाइटचा माथा शेजारच्या खोलगट भागातल्या पन्नापेक्षा वर आहे, तड्याच्या भिंतीपलीकडे दोघं एकमेकांना भिडतात, आणि तेल त्या भेगांत शिरतं ते वरच चढत, खालच्या दिशेने नाही. व्हिएतनामच्या समुद्रातलं बाख हो हे क्षेत्र याच पद्धतीने भरलेलं आहे. तिथलं बहुतेक उत्पादन भेगाळलेल्या ग्रॅनाइटमधून येतं, आणि त्याचा मूळ खडक म्हणजे ग्रॅनाइटच्या उतारांवर साचलेला, जुन्या तळ्यांच्या गाळाचा शेल.